पहिल्या अर्ध्या मिनिटातली उतरण

यूट्यूबवर व्हिडिओ टाकला की एक-दोन दिवसांत स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये त्याचा एक आलेख तयार होतो. आडव्या रेषेवर व्हिडिओची वेळ, उभ्या रेषेवर टक्के, आणि डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ. त्याच्याजवळच एक आकडा दिलेला असतो : ०:३० ला इतके टक्के प्रेक्षक अजून पाहत होते. व्हिडिओ निदान एक मिनिटाचा असेल आणि त्याला शंभरेक व्ह्यूज मिळाले असतील, तर हा आकडा दिसतो. बहुतेक मंडळी तेवढाच वाचतात. ६१ आला तर बरं वाटतं, ४९ आला तर तोंड उतरतं, आणि पुढच्या व्हिडिओत ‘सुरुवात जरा जोरदार करू’ असं ठरतं. जोरदार म्हणजे काय, हे मात्र कुणी ठरवत नाही.

एकट्या त्या आकड्यावरून कुठलाच निर्णय घेता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ३९ टक्के नेमके कुठल्या सेकंदाला गेले, सगळे एकाच ठिकाणी गेले की थोडेथोडे गळत राहिले, आणि मुळात ते गेले की नुसते पुढे सरकले, हे कळायला शून्यापासून तिसाव्या सेकंदापर्यंतचा उतार वाचावा लागतो. तो वाचायला गणित फारसं लागत नाही. कागद, पेन आणि स्वतःचाच व्हिडिओ पुन्हा पाहण्याची तयारी असली की झालं.

या आलेखाचा पूर्वज यूट्यूबने २००८ मध्ये ‘हॉट स्पॉट्स’ या नावाने आणला होता. आपल्या व्हिडिओतला कुठला भाग लोकांना धरून ठेवतो, हे तो तितक्याच लांबीच्या इतर व्हिडिओंशी तुलना करून दाखवायचा. त्याचं वजन वाढलं ते २०१२ नंतर. तोवर किती जणांनी क्लिक केलं यालाच जास्त किंमत होती, त्यामुळे भडक चित्र लावून लोकांना आत ओढायचं आणि आत काहीच द्यायचं नाही, हा धंदा चालत असे. २०१२ मध्ये यूट्यूबने व्हिडिओ सुचवताना आणि शोधाचे निकाल लावताना पाहिलेल्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून प्रेक्षक कुठे उठून जातो, हा प्रश्न थेट पोटापाण्याचा झाला.

आता हा आलेख मोजतो काय ते पाहू, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. व्हिडिओचा अमुक तुकडा किती वेळा पाहिला गेला, भागिले एकूण व्ह्यूज, एवढाच त्याचा हिशेब आहे. म्हणजे तो गेलेल्यांना मोजत नाही, त्या क्षणी हजर असलेल्यांना मोजतो. एसटीच्या कंडक्टरने प्रत्येक थांब्यावर कोण उतरलं ते न लिहिता फक्त गाडीतली डोकी मोजावीत, तसं हे आहे. दोन थांब्यांमधला फरक काढून उतरलेल्यांचा अंदाज करता येतो, पण मधल्या थांब्यावर चढलेले त्यात मिसळतात.

इथे ‘मधे चढणारे’ पुष्कळ असतात. कुणी मोबाइलवर दोनदा टिचकी मारून दहा सेकंद पुढे जातो. कुणी ऐकू आलं नाही म्हणून मागे येतो आणि तोच तुकडा दुसऱ्यांदा मोजला जातो. कुणी मित्राने पाठवलेल्या दुव्यावरून थेट दुसऱ्या मिनिटाला उतरतो, त्याने सुरुवात पाहिलेलीच नसते. म्हणूनच काही व्हिडिओंची रेघ शंभराच्या खालीच सुरू होते आणि काहींची मधेच शंभराच्या वर जाते. हा बिघाड नव्हे, हिशेबच तसा आहे.

यातून वाचनाचा पहिला नियम निघतो. रेघ खाली आली आणि खालीच राहिली, तर लोक गेले. खाली आली आणि काही सेकंदांनी थोडी वर चढली, तर त्यातले काही जण तो भाग ओलांडून पुढे आले होते. वर चढण्याला दुसरंही कारण असू शकतं, म्हणजे तिथे लोक मागे येऊन पुन्हा पाहत असतील. पण तसं असेल तर तिथे काहीतरी पुन्हा पाहण्याजोगं असतं, एखादं माप, एखादा आकडा, हाताची एखादी हालचाल. व्हिडिओ समोर उघडून पाहिला की दोन्हींतला फरक लगेच कळतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. आकडे समजावण्यासाठी मी रचलेले आहेत, पण आकार नेहमी दिसणारा आहे. उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून काय करावं, असा पाच मिनिटांचा व्हिडिओ आहे. शीर्षकात तेच वचन आहे, थंबनेलवर एक फुटलेला आणि एक अखंड मोदक शेजारी शेजारी आहेत. व्ह्यूज हजार.

आलेख उघडण्याआधी व्हिडिओची सेकंदवार टाचणी काढायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच फार थोडे जण करतात. आपल्या उदाहरणात ती अशी निघते. पहिले तीन सेकंद केळीच्या पानावर वाफाळते मोदक, मागे संगीत. तीन ते नऊ सेकंद ‘नमस्कार मंडळी, आपल्या किचनमध्ये तुमचं स्वागत’. नऊ ते सतरा सेकंद चॅनेलचा फिरता लोगो आणि त्याची धून. सतरा ते सव्वीस सेकंद गणपती जवळ आल्याची आठवण, मग ‘चॅनेल सबस्क्राइब करा, बेल आयकॉन दाबा’. सव्विसाव्या सेकंदाला बाई कामाला लागतात : मोदक फुटायची तीन कारणं, पहिलं म्हणजे उकड गरम असताना नीट मळलेली नसते.

आता आकडे. आलेखाची माहिती डाउनलोड केली की व्हिडिओचे शंभर समान तुकडे करून प्रत्येकाचा टक्का मिळतो. पाच मिनिटांचे तीनशे सेकंद, म्हणजे एक तुकडा तीन सेकंदांचा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात असे दहा तुकडे. रेघ शंभरावर सुरू होते. तिसऱ्या सेकंदाला ९०, सहाव्याला ८४, नवव्याला ८१. मग बाराव्याला ७२, पंधराव्याला ६६, अठराव्याला ६५. एकविसाव्या सेकंदाला ती चढून ७० वर येते. चोविसाव्याला ६६, सत्ताविसाव्याला ६२ आणि तिसाव्याला ६१.

स्टुडिओ फक्त शेवटचा ६१ सांगतो. त्यामागे मात्र तीन निरनिराळ्या घटना आहेत, आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली घटना सुरुवातीच्या नऊ सेकंदांत घडते, तिथे एकोणीस जण कमी होतात. हा उतार जवळजवळ प्रत्येक व्हिडिओला असतो आणि नवख्या माणसाची झोप हाच उडवतो. चुकून बोट लागलेले, दुसरंच काही शोधणारे, थंबनेल पाहून भलती अपेक्षा धरलेले, असे सगळे इथेच गळतात. त्यातले बरेचसे कुठल्याच सुरुवातीने थांबले नसते. पण इथे बारकाईने पाहिलं तर एक गोष्ट सापडू शकते : गळती पहिल्या चित्रावर आहे की पहिल्या शब्दावर? चित्र येताच लोक जात असतील तर थंबनेलने जे दाखवलं ते आत दिसलं नाही, अशी शंका घ्यावी. मोदकांच्या थंबनेलनंतर पडद्यावर एखाद्या डोंगराचं ड्रोनचित्रण सुरू झालं, तर माणूस आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं समजून परत फिरतो.

पहिल्या शब्दावरची गळती मराठी व्हिडिओंत वेगळ्याच कारणानेही होऊ शकते. आपलं आणि हिंदीचं लेखन एकाच लिपीत. ‘मोदक’ हा शब्द दोन्हीकडे तोच. देवनागरी शीर्षक पाहून हिंदी वाचणारा प्रेक्षक आत येतो आणि मराठी कानावर पडताच निघून जातो. आपल्या उदाहरणात पहिला शब्द तिसऱ्या सेकंदाला येतो आणि तिसऱ्या ते सहाव्या सेकंदात सहा जण कमी होतात. त्यातले काही असे असतील. हे तपासायचं असेल तर शीर्षकात ‘मराठी’ हा शब्द स्पष्ट घालून पुढचा व्हिडिओ टाकावा आणि तोच उतार कमी होतो का ते पाहावं. क्लिक थोडे घटतील, पण आलेले प्रेक्षक आपले असतील.

दुसरी घटना लोगोची. नवव्या सेकंदापासून अठराव्यापर्यंत रेघ ८१ वरून ६५ वर येते. सुरुवातीच्या नऊ सेकंदांचा उतार सोडला तर सोळा टक्क्यांची ही घसरण अर्ध्या मिनिटातली सगळ्यात खोल. पण एकविसाव्या सेकंदाला ती पाचने वर चढते. ‘नमस्कार’च्या पुढच्या गणपतीच्या आठवणीत मागे येऊन दोनदा ऐकावं असं काही नाही, तेव्हा हे पाच जण ओलांडून आलेले धरायला हरकत नाही. लोगो सुरू झाला, त्यांनी दोनदा टिचकी मारली, दहा सेकंद पुढे सरकले, आणि विसाव्या सेकंदाच्या आसपास परत हजर झाले. म्हणजे सोळातले निदान पाच जण गेलेच नव्हते. ‘निदान’ म्हणायचं कारण असं की त्याच तीन सेकंदांत दुसरे काही उठून गेले असतील, तर ओलांडणारे पाचांहून जास्त होते आणि गेलेल्यांनी ती चढण दाबली.

इथे यूट्यूबने दिलेली एक सोय वापरावी. हाच आलेख सबस्क्राइब केलेले आणि न केलेले, किंवा नवे आणि परतून येणारे प्रेक्षक, असा वेगळा करून पाहता येतो. आपल्या हजार व्ह्यूजमध्ये ६४० सबस्क्राइबर्सचे आणि ३६० इतरांचे आहेत असं धरू. सबस्क्राइबर्सची रेघ नवव्या सेकंदाला ८८, अठराव्याला ७०, एकविसाव्याला ७८. इतरांची त्याच ठिकाणी ६९, ५६ आणि पुन्हा ५६. जुन्या प्रेक्षकाला लोगो आठ सेकंदांचा आहे हे पाठ आहे, तो ओलांडतो आणि थांबतो. नव्या माणसाला पुढे काय आहे ते ठाऊक नाही, वाट पाहायला त्याच्याकडे कारण नाही, तो जातो. जुन्यांना लोगोचा फक्त कंटाळा आला, नव्यांपैकी तेरा टक्के त्याने घालवले. चॅनेल वाढवायचं असेल तर नेमके हेच तेरा हवे असतात. आठ सेकंदांचा लोगो हा दूरदर्शनच्या काळातला सोस आहे. तिथे प्रेक्षकाला पुढे जायची सोय नव्हती.

ज्यांना आणखी नेमकं हवं, त्यांच्यासाठी यूट्यूबच्या ॲनालिटिक्स एपीआयमध्ये `stoppedWatching` हा वेगळा आकडा मिळतो : अमुक तुकडा किती वेळा शेवटचा पाहिला गेला. जोडीला `startedWatching` आहे, म्हणजे तो तुकडा किती वेळा पहिला होता. हे दोन हाताशी असले की गेलेले आणि ओलांडलेले यांत अंदाज उरत नाही. मात्र त्यासाठी थोडं प्रोग्रॅमिंग यावं लागतं. घरगुती चॅनेलचं काम चढण-उतरण पाहूनही भागतं.

तिसरी घटना एकविसाव्या ते सत्ताविसाव्या सेकंदात घडते, ७० वरून ६२. आठच टक्के, म्हणून नजर तिच्यावरून घसरते. पण टक्के सुरुवातीच्या शंभरातले आहेत. त्या वेळी हजर होते सत्तर, त्यातले आठ गेले, म्हणजे हजर असलेल्या दर शंभरातले साडेअकरा, अवघ्या सहा सेकंदांत. आणि हे साधे प्रेक्षक नव्हेत. त्यांनी स्वागत ऐकलं, लोगो सोसला किंवा ओलांडला, आणि तरीही थांबले होते. मोदकाचं उत्तर खरोखर हवं असलेली ही माणसं ‘बेल आयकॉन दाबा’ ऐकून गेली. उरलेल्यांच्या हिशेबाने मोजलं नाही तर ही गळती आलेखात दिसूनही कळत नाही. पुढचा तुकडा पुरावा पक्का करतो. कारणं सांगायला सुरुवात होताच रेघ जवळपास आडवी होते, ६२ वरून ६१. लोकांना तिथेच यायचं होतं.

सेकंद जुळवताना एक सावधगिरी हवी. माणसाला कंटाळा येतो, मग बोट हलतं, मग व्हिडिओ बंद होतो. यात सेकंद-दीड सेकंद सहज जातो. त्यात आलेखाचे तुकडे तीन-तीन सेकंदांचे. म्हणून घसरण जिथे दिसते त्याच्या किंचित डावीकडे कारण शोधावं. बाराव्या सेकंदाला रेघ कोसळली तर बाराव्यावर काय आहे हे पाहण्याआधी नवव्या-दहाव्यावर काय सुरू झालं ते पाहायचं.

लांब व्हिडिओंत ही अडचण फार वाढते, आणि याबद्दल कुणी सांगत नाही. तुकडे शंभरच असतात. वीस मिनिटांच्या व्हिडिओत एक तुकडा बारा सेकंदांचा, म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटात जेमतेम अडीच तुकडे. तासाभराच्या कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमध्ये एक तुकडा छत्तीस सेकंदांचा. तिथे सगळं अर्धं मिनिट एकाच आकड्यात बुडतं. पडद्यावर गुळगुळीत रेघ दिसते ती बिंदू जोडून काढलेली असते, मधल्या वळणांना अर्थ नसतो. शिवाय आडव्या रेषेवर अर्ध्या मिनिटाला इतकी कमी जागा मिळते की प्रत्येक लांब व्हिडिओची सुरुवात कड्यासारखी दिसते. सुरुवातीचा अभ्यास करायचा तर तीन ते पाच मिनिटांचे व्हिडिओ घ्यावेत. तिथली शिकवण लांब व्हिडिओला लावावी, उलट करू नये.

आलेखात करड्या रंगात आणखी एक गोष्ट दिसते, तुमच्याच तितक्याच लांबीच्या अलीकडच्या दहा व्हिडिओंची नेहमीची पातळी. तुलना तिच्याशी करावी. शेजारच्या चॅनेलचा तिसाव्या सेकंदाचा आकडा ७२ आहे म्हणून आपला ६१ वाईट ठरत नाही. त्यांचे प्रेक्षक वेगळे, विषय वेगळा, येण्याच्या वाटा वेगळ्या. व्हिडिओची जाहिरात केली असेल तर जाहिरातीतून आलेले व्ह्यूज आधी वेगळे काढावेत. वगळता येणारी जाहिरात पाच सेकंदांनी वगळता येते, त्यामुळे पाचव्या सेकंदानंतर तिथे खड्डा पडतोच. तो व्हिडिओच्या सुरुवातीचा दोष नसतो.

येण्याच्या वाटांवरून आठवलं, इथे आलेख सगळ्यात जास्त फसवतो. मोदकांचा हाच व्हिडिओ पुढे नेऊ. पहिल्या दिवशीच्या हजार व्ह्यूजमध्ये ६४० सबस्क्राइबर्सचे. तिसाव्या सेकंदाला त्यांच्यातले ७० टक्के टिकले, इतरांतले ४५ टक्के, सरासरी ६१. गणेश चतुर्थी आठवड्यावर आली आणि यूट्यूबने व्हिडिओ चॅनेलबाहेरच्या लोकांना दाखवायला सुरुवात केली. व्ह्यूज दहा हजारांवर गेले, त्यात सबस्क्राइबर्सचे सोळाशे आणि इतरांचे आठ हजार चारशे. दोन्ही गट आधीसारखेच वागले, ७० आणि ४५. पण सरासरी आता ४९ येते. व्हिडिओत एक फ्रेम बदललेली नाही, एकाही गटाचं मन उडालेलं नाही, तरी आकडा बारा टक्क्यांनी पडला. व्हिडिओ खरं तर यशस्वी झाला म्हणून पडला. अशा वेळी घाबरून शीर्षक आणि थंबनेल बदलणारे लोक चाललेली गोष्ट बिघडवतात. सरासरी पडली की आधी दोन गटांच्या रेघा वेगळ्या पाहाव्यात. त्या जागच्या जागी असतील तर हात लावू नये.

व्ह्यूज कमी असताना तर आकड्यांवर विश्वासच बेताने ठेवावा. दोनशे व्ह्यूजवर ६१ टक्के आले, तर निव्वळ योगायोगाने तो आकडा सातेक टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. या व्हिडिओचा ६१ आणि मागच्याचा ५७ यांत मग काही फरक उरत नाही. हजार व्ह्यूजवर ती चूक तीनेक टक्क्यांवर येते. त्यामुळे दोन दिवसांच्या आलेखावरून सुरुवात बदलण्यापेक्षा तीन-चार व्हिडिओंचे आलेख शेजारी ठेवावेत. प्रत्येकात लोगोच्या जागीच खड्डा असेल, तर वाद संपला.

दुरुस्तीचं पाहू. स्टुडिओच्या एडिटरमध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओतलाही भाग कापता येतो. पत्ता, व्ह्यूज, प्रतिक्रिया सगळं तसंच राहतं. व्हिडिओने एक लाख व्ह्यूज ओलांडले असतील आणि चॅनेल यूट्यूबच्या भागीदार योजनेत नसेल, तर मात्र असा बदल जतन करता येईलच असं नाही. आपल्या उदाहरणात नवव्या ते सव्विसाव्या सेकंदाचा भाग, म्हणजे लोगो आणि सबस्क्राइबची विनंती मिळून सतरा सेकंद, बिनदिक्कत काढता येतील. विनंती ठेवायचीच असेल तर पहिलं कारण सांगून झाल्यावर करावी. तोवर ऐकणाऱ्याला काहीतरी मिळालेलं असतं.

कापल्यानंतरची तुलना बहुतेक जण चुकीची करतात. आधी तिसाव्या सेकंदाला ६१ होते, आता किती, असं विचारतात. पण सतरा सेकंद काढल्यावर नव्या व्हिडिओचा तिसावा सेकंद म्हणजे जुन्याचा सत्तेचाळिसावा. दोन वेगळ्या जागा आपण एका नावाने मोजत असतो. सेकंदाऐवजी वाक्य धरावं. ‘मोदक फुटायची तीन कारणं’ हे वाक्य जुन्या व्हिडिओत शंभरातल्या साधारण बासष्ट जणांच्या कानावर गेलं. नव्या रचनेत ते नवव्या सेकंदाला येतं. तिथे एेंशीच्या आसपास लोक असतील, तर अठरा माणसं जास्त पोचली, आणि हाच खरा फायदा. पुढचे व्हिडिओ मुळातच या रचनेने केले आणि तिथेही कामाच्या पहिल्या वाक्यापाशी एवढेच लोक सापडले, तर दुरुस्ती लागू पडली म्हणावं.

त्याच वेळी रेघ पुढे एक-दोन मिनिटांपर्यंत पाहावी. तिसाव्या सेकंदाचा आकडा फुगवायचे मार्ग सगळ्यांना माहीत आहेत. ‘तिसरं कारण ऐकून थक्क व्हाल, शेवटपर्यंत पाहा’ म्हटलं की लोक थोडे जास्त थांबतात. मग चाळिसाव्या-पन्नासाव्या सेकंदाला रेघ धपकन खाली येते. गळती थांबली नाही, नुसती वीस सेकंद पुढे ढकलली गेली. दोन मिनिटांपाशी जुनी आणि नवी रेघ एकाच उंचीवर भेटत असतील, तर सुरुवातीत मिळवलेलं काही उरलेलं नाही.

यूट्यूब शॉर्ट्सना यातलं फारसं काही लागू होत नाही. तिथे व्हिडिओ संपला की पुन्हा सुरू होतो, त्यामुळे टक्के शंभराच्या वर सहज जातात, आणि प्रेक्षकाने पाहायचं ठरवलं की बोटाने सरकवून टाकलं, हा वेगळाच आकडा तिथे आधी पाहतात. तसंच सामान्य प्रेक्षकाला व्हिडिओच्या पट्टीवर जी टेकड्यांसारखी आकृती दिसते, २०२२ मध्ये आलेली ‘मोस्ट रिप्लेड’, तीही हा आलेख नव्हे. कुठला भाग जास्त वेळा पुन्हा पाहिला गेला, एवढंच ती दाखवते. दुसऱ्याच्या व्हिडिओचे प्रेक्षक कुठे गळाले हे तिच्यावरून ठरवू नये.

आणि एक गोष्ट हा आलेख कधीच सांगू शकत नाही, माणूस समाधानाने गेला की वैतागून. ‘उकड मळताना हाताला तेल लावावं की तूप’ अशा शीर्षकाच्या व्हिडिओत दहाव्या सेकंदाला उत्तर मिळालं आणि माणूस पीठ मळायला निघून गेला, तर रेघेवर तो लोगोला कंटाळून गेलेल्यासारखाच दिसतो. एका वाक्यात उत्तर संपणारा विषय असेल तर सुरुवातीची घसरण दुरुस्त करायच्या फंदात पडू नये. विषयच तेवढा होता.